दुसरा खड्डा : ग्रामसभेच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी

काम : एका खड्ड्याच्या शौचालयांना दुसरा खड्डा जोडणे
ठिकाण : बार्शी तालुक्यातलं एक गाव, जि. सोलापूर
नोंद ठेवणारी : समूह समन्वयक, पाणी व स्वच्छता

१२ सप्टेंबर २०२२

गणपती उठले आणि घरभेटी सुरू केल्या. शौचालय नाही असं घर या गावात आता शोधावं लागतं. बहुतेक बांधकामं २०१४ ते २०१८ या काळातली आहेत, स्वच्छ भारत मिशनच्या बारा हजारांतून झालेली. २०२०पासून मिशनचा दुसरा टप्पा चालू आहे. त्यातला मुख्य प्रश्न शौचालय आहे की नाही हा नसून खाली साठणाऱ्या मैल्याचं पुढे काय होतं, हा आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मला हेच समजावून सांगायचं आहे, म्हणून आधी जमिनीखाली काय आहे ते बघत फिरतेय.

तीन प्रकार दिसले. सर्वांत जास्त घरांमध्ये एकच खोल खड्डा आहे, सात-आठ फुटांचा, रिंगा टाकलेला. काही घरांनी तळाला काँक्रीट ओतून चारी बाजूंनी बंद टाकी केली आहे. ते तिला सेप्टिक टँक म्हणतात, पण तिच्यात आडवी भिंत नाही, पुढे शोषखड्डा नाही, वरून निघालेला पाइप सरळ गटारात सोडलेला आहे. मैल्याचं पाणी त्यातून शेजाऱ्याच्या दारावरून वाहतं. तिसरा प्रकार म्हणजे नियमाप्रमाणे दोन खड्डे. अशी घरं मोजकीच, आणि त्यांतही दोन घरांचं चेंबर, म्हणजे शौचालयाचा पाइप जिथे दोन खड्ड्यांकडे फुटतो ती छोटी कुंडी, उघडलं तर दोन्ही खड्ड्यांची तोंडं ओली निघाली. म्हणजे मैला एकाच वेळी दोन्हीकडे जातोय. बांधणाऱ्याने दोन खड्डे दिले, पण एक तोंड बंद ठेवायचं असतं हे घरच्यांना कुणी सांगितलं नाही. असे दोन्ही खड्डे सोबतच भरतात आणि दुसऱ्या खड्ड्याचा खर्च वाया जातो.

चेंबर उघडून तोंडं बघणं ही सगळ्यांत सोपी तपासणी आहे. यात खड्ड्याला हात लावावा लागत नाही. एक तोंड कोरडं, विटेने बंद आणि दुसरं ओलं असेल तर काम बरोबर चाललंय. बंद टाकीचं झाकण मात्र मी उघडू देत नाही. आत साचलेल्या वायूने माणूस जागच्या जागी कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही.

१७ सप्टेंबर

गावातले दोन्ही गवंडी ग्रामपंचायतीत बोलावले. एकाने थेट विचारलं, "मॅडम, लोक म्हणतात खड्डा खोल पाहिजे. मी चार फूट म्हणालो तर माझ्याकडून काम काढून दुसऱ्याला देतील." त्याचं म्हणणं खरं आहे. खोल खड्डा म्हणजे पक्कं काम, ही समजूत गावात घट्ट बसलेली आहे.

म्हणून हिशोब मांडला. पाण्याचा वापर होणाऱ्या आणि भूजल तळाच्या खाली असणाऱ्या खड्ड्यात एका माणसामागे वर्षाला साधारण ४० लिटर गाळ उरतो. बाकी सगळं पाणी आणि वायू, ते मातीत मुरतं. तीन फूट व्यासाच्या चार रिंगा, म्हणजे पाइपाच्या तोंडाखाली चार फूट, यात अंदाजे ८०० लिटर मावतं. घरात सहा माणसं असतील तर वर्षाला २४० लिटर. एक खड्डा तीन वर्षांहून थोडा जास्त चालतो. तो भरला की विटेचं तोंड बदलायचं, मैला दुसऱ्या खड्ड्यात, आणि पहिला पुढची तीन वर्षं नुसता पडून राहतो.

गवंड्याने कागदावर स्वतः पुन्हा गुणाकार केला. मग म्हणाला, "म्हणजे खोलीचा प्रश्नच नाही, त्याला विश्रांती मिळण्याचा आहे." मला ग्रामसभेत जे सांगायचंय ते त्याने माझ्याआधी सांगितलं. आठ फुटी एकाच खड्ड्यात जागा भरपूर असते, पण रोज वरून ताजा मैला पडत राहतो. खालचा जुना, निर्धोक झालेला गाळ काढायचा तर वरच्या ताज्यातूनच जावं लागतं. असा खड्डा कितीही मोठा केला तरी उपसायच्या दिवशी तो ताजाच असतो.

बांधकामाच्या ज्या बाबी त्यांनी वहीत लिहून घेतल्या : तळ मातीचाच ठेवायचा, काँक्रीट नाही. रिंगांना भोकं हवीत, किंवा विटांचं जाळीदार बांधकाम, पण पाइपाच्या तोंडावरची सर्वांत वरची रिंग बिनभोकाची. दोन खड्ड्यांमध्ये निदान खड्ड्याच्या खोलीएवढं अंतर, नाहीतर चालू खड्ड्याचं पाणी पडून असलेल्यात झिरपतं. विहीर, बोअर, हातपंप यांपासून किमान १० मीटर लांब. आणि वायू जायचा उभा पाइप नको.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघेही अडले. पाइप नसेल तर वास येईल, असं त्यांचं म्हणणं. बंद टाकीला पाइप लागतोच. पण शोषखड्ड्याच्या चारी बाजूंना आणि तळाला माती उघडी असते, वायू तिच्यात जिरतो. उभ्या पाइपाची जाळी कुजली की त्यातून डास मात्र ये-जा करतात. हे त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. खड्डा बघूनच पटेल.

२४ सप्टेंबर

ग्रामसभेची नोटीस आज लागली. सात दिवस आधी लागायला हवी, त्यात बसली. ग्रामपंचायतीचा फळा, दवंडी आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, तिन्हीकडे. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विषयपत्रिकेत आमचा विषय सातवा ठेवला होता. सातव्या विषयापर्यंत अर्धी माणसं उठून जातात, सोयाबीनची काढणी तोंडावर आहे. सरपंच ताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "लम्पीचं लसीकरण पहिलं घ्या, त्याला सगळे येतात. लगेच दुसरा तुमचा घेऊ." जनावरांच्या लम्पीने गाव धास्तावलेलं आहे, ते आधी येणं योग्यच आहे.

आजचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. निवृत्त गुरुजींच्या घरी दोन खड्डे आहेत आणि त्यांनी २०२०च्या पावसाळ्यात तोंड बदललं होतं. तारीख त्यांनी खड्ड्याच्या झाकणावर खिळ्याने कोरून ठेवली आहे. म्हणजे पहिला खड्डा दोन वर्षं पडून आहे. मी विचारलं, ग्रामसभेच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडू का? गुरुजी लगेच हो म्हणाले. काकू म्हणाल्या, "नवरात्रात नको, तेव्हा घरात घट बसलेले असतात." मग थोडा विचार करून त्यांनीच मार्ग काढला. खड्डा परसात आहे, परसाला बोळातून वेगळी वाट आहे, लोकांनी तिकडून यावं. काकूंची संमती नसती तर मी हा कार्यक्रम दिवाळीनंतर ढकलला असता.

१ ऑक्टोबर

महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी लागते, पण बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरते. इथे अंगणवाडीत चाळीसेक बायका बसल्या. उपवासाच्या दिवसांत संध्याकाळी वेळ काढून आल्या होत्या, त्यामुळे प्रस्तावना गाळून चेंबरचं चित्र फळ्यावर काढलं आणि प्रश्न विचारायला सांगितले.

पुरुषांच्या सभेत जे प्रश्न येत नाहीत ते इथे आले. एक वहिनी म्हणाली, पाळीच्या दिवसांत कापड, पॅड कुठे टाकायचं? शौचालयात टाकलं तर वाकड्या पाइपात अडकतं किंवा खड्ड्यात तसंच राहतं, कुजत नाही. खड्ड्यात प्लास्टिक, कापड, केस काहीच जाता कामा नये. त्यासाठी शौचालयात झाकणाचा डबा आणि कचऱ्याची वेगळी सोय लागेल. ती सोय ग्रामपंचायतीने कशी करायची हा विषय त्यांनीच उद्यासाठी लिहून दिला.

दुसरीने विचारलं, "ॲसिड टाकून धुतलं तर चालतं का? पांढरं शुभ्र होतं." रोज ॲसिड आणि फिनेल ओतलं तर मैला कुजवणारे जंतू मरतात, खड्डा लवकर भरतो. ब्रश, राख किंवा थोडी साबणाची पूड पुरते.

सगळ्यांत मोलाची गोष्ट एका आजींनी सांगितली. त्यांच्या घरात पाच माणसं, खड्डा बांधून चार वर्षं झालेली, आणि प्रत्येक पावसाळ्यात भांड्यातलं पाणी उतरत नाही. मी विचारलं, मोरीचं पाणी कुठे सोडलंय? तर त्याच खड्ड्यात. रोजचं आंघोळीचं, धुण्याचं पाणी त्यात पडतंय. शौचालयाला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरतं, मोरीचं पाणी त्याच्या कितीतरी पट. आमच्या काळ्या मातीत ते मुरणार कसं? मोरीसाठी वेगळा शोषखड्डा काढला की आजींची अर्धी तक्रार मिटेल. या घराचं नाव पहिल्या यादीत टाकलं.

२ ऑक्टोबर, ग्रामसभा

गांधीजी आणि शास्त्रीजींच्या फोटोला हार घालून साडेदहाला सुरुवात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. लम्पीमुळे हजेरी वहीत शंभरापुढे सह्या झाल्या, सभा तहकूब करायची वेळ आली नाही.

बोलायला उभी राहिले तेव्हा योजनेचं नाव घेतलं नाही. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार टेबलावर ठेवले आणि सांगितलं, एका माणसाचा वर्षभराचा गाळ एवढाच उरतो. मागून हसणं ऐकू आलं. एक तात्या उठले.

"आमचा खड्डा आठ फुटी. सात वर्षं झाली, अजून भरला नाही. आणि तुम्ही चार फूट पुरतो म्हणता?"

"घरात माणसं किती, तात्या?"

"पाच."

"पाच जणांचे वर्षाला २०० लिटर. सात वर्षांत १,४००. तीन फूट रुंद आणि आठ फूट खोल खड्ड्यात मावतं १,६००. पुढच्या वर्षी या दिवसांत तो भरेल."

तात्या थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग पुढच्या वर्षी काय करायचं?"

या एका प्रश्नापासून सभा माझी राहिली नाही, गावाची झाली. कुणी म्हणालं, तालुक्याहून उपसायची गाडी बोलवू. गाडी गावठाणाच्या बोळात वळत नाही, हे दुसऱ्याने सांगितलं. आणि गाडीवाला तो ताजा मैला कुठे रिकामा करतो, हे तिसऱ्याने विचारलं. ओढ्यात सोडतात हे तिथल्या बऱ्याच जणांना माहीत होतं.

मग मागच्या बाजूने एक गृहस्थ उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण सभा शांत झाली. "गाडी आली नाही तर कुणाला बोलावणार ते आम्हाला ठाऊक आहे. आमच्या आज्याला बोलवायचे. आता मला बोलावणार का?"

याचं उत्तर मी सरळ दिलं. २०१३च्या कायद्याने माणसाकडून हाताने मैला साफ करून घेणं हा गुन्हा आहे. सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हाही गुन्हा आहे, मग पैसे कितीही देऊ केले असोत. एका खड्ड्याचं शौचालय भरतं तेव्हा घरमालकासमोर हाच गुन्हा उभा राहतो. दोन खड्डे असले तर पूर्ण कुजून माती झालेला गाळ घरचाच माणूस फावड्याने काढतो, त्यासाठी कुणाला बोलवायचं कारण राहत नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि खत उपसलं, हेही सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "सचिव उतरले ते ठीक. या गावातलं कोण उतरतं ते बघू." त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी म्हणाले, सभा संपल्यावर लगेच बघू.

पैशाचा प्रश्न तोवर अडून होता, तो उपसरपंचांनी काढला. शौचालयाच्या प्रोत्साहनाचे १२,००० रुपये, त्यात केंद्राचे ७,२०० आणि राज्याचे ४,८००. ज्या पात्र कुटुंबाने ते आधी घेतलेच नाहीत, त्यांना मिळतात : दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, आणि त्यावरच्यांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्पभूधारक, भूमिहीन, दिव्यांग, महिला कुटुंबप्रमुख. वेगळा संसार थाटलेला मुलगा नवीन कुटुंब म्हणून अर्ज करू शकतो. पण एकदा बारा हजार घेतलेल्या घराला दुसऱ्या खड्ड्यासाठी पुन्हा बारा हजार नाहीत. हे ऐकल्यावर कुजबूज झाली. मी ते लपवणं शक्यच नव्हतं, नंतर कळलं असतं तर पुढच्या कुठल्याच गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

मग पर्याय काय? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला एक भाग बंधित असतो, त्यातला अर्धा स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. तो कशावर खर्चायचा हे गावाच्या विकास आराखड्यात ग्रामसभा ठरवते. तासभर चर्चा झाली. शेवटी असं ठरलं : खड्डा ज्याचा त्याने खणायचा. रिंगा आणि चेंबर गावाने एकत्र मागवायचे, म्हणजे दर कमी पडतो. विधवा, दिव्यांग आणि भूमिहीन कुटुंबांच्या साहित्याचा खर्च आराखड्यात धरायचा. सूचक एक बचत गटाच्या अध्यक्षा, अनुमोदक तात्या. ठराव एकमताने.

सांडपाण्याचा भाग मी मुद्दाम थोडक्यात घेतला. पाच हजारांखालच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत मिळतात, त्यातले ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. हजार वस्तीला २,८०,००० होतात. त्याचा आराखडा वेगळ्या सभेत होईल. काल बायकांनी लिहून दिलेला पॅडचा विषयही त्याच सभेत घनकचऱ्यासोबत घ्यायचं ठरलं.

काळ्या मातीबद्दल दोघा-तिघांनी विचारलं. काळी माती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रिंगा सरकवते. इथे खड्डा रिंगेपेक्षा चारी बाजूंनी एक फूट मोठा खणायचा आणि त्या मोकळ्या जागेत वाळू, बारीक खडी किंवा विटांचे तुकडे भरायचे. गावाच्या वरच्या अंगाला मुरूम लागतो, तिथे याची गरज नाही. आणि जागा नसलेल्यांसाठी : एकच आयताकृती खड्डा घेऊन मधोमध भिंत घालता येते. ती भिंत दोन्ही बाजूंनी सिमेंटने लिंपलेली आणि खड्ड्याच्या तळाखाली नऊ इंच उतरवलेली हवी, नाहीतर एका खणातलं पाणी खालून दुसऱ्यात जातं. गावठाणातल्या सहा-सात घरांनी यासाठी नावं दिली.

दीड वाजता सगळे बोळातून गुरुजींच्या परसात. झाकणाच्या कडेची माती उकरली, पहारीने झाकण सरकवलं. पुढे उभी असलेली माणसं आधीच नाकाला पदर-रुमाल लावून होती. वास आला नाही. आत पाइपाच्या बराच खाली गेलेला काळपट-तपकिरी, कोरडा थर, वर भेगा पडलेल्या. भरताना तो पाइपापर्यंत होता, दोन वर्षांत खाली बसला. गुरुजी हातमोजे आणि बूट घालून शिडीने उतरले आणि फावड्याने पहिली पाटी भरून वर दिली. ढेकूळ दाबलं की चहाच्या चोथ्यासारखं सुटत होतं. काकूंनी ते हातात घेतलं, मग सरपंच ताईंनी. मागे उभे असलेले ते गृहस्थ पुढे आले, पाटीत डोकावले, हात लावला नाही. म्हणाले, "गुरुजी उतरले, हे मी बघितलं."

मी एवढंच बजावलं की हे दोन वर्षं पडून असलेल्या खड्ड्याचं आहे. निदान दीड वर्ष एक थेंबही नवा मैला पडलेला नसावा. जंतांची अंडी सर्वांत शेवटी मरतात, म्हणून घाई करायची नाही. आणि काढताना ओलं किंवा वास येणारं निघालं तर झाकण परत लावायचं आणि चेंबरचं बंद तोंड तपासायचं. तिथूनच गळत असतं. हे खत झाडांच्या बुंध्याशी घालायचं, कोथिंबीर-मेथीवर नाही.

९ ऑक्टोबर

पहिला खड्डा आजींच्या घरी. त्यांच्या नातवाने आणि मंडळाच्या पोरांनी दोन दिवसांत खणला. गवंड्यांना हेच घर शिकण्यासाठी दिलं. जुन्या पाइपाला तोडून मध्ये चेंबर बसवायचं, त्यातून एक फाटा जुन्या खड्ड्याला, दुसरा नव्याला. चेंबरचा तळ सपाट राहिला तर मैला तिथेच साठतो, म्हणून त्याला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची गुळगुळीत पन्हळ द्यावी लागते. धाकट्या गवंड्याने ती हाताने घोटून इतकी सुरेख केली की मी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मग बादलीभर पाणी भांड्यात ओतून बघितलं. सगळं नव्या खड्ड्यात गेलं, जुन्याच्या तोंडाची वीट कोरडी राहिली.

उभा पाइप गवंड्याने लावला नाही. मी आठवण केली नव्हती.

मोरीच्या पाण्यासाठी परसात वेगळा शोषखड्डा, तीन फूट बाय तीन फूट. तळाशी मोठे दगड, वर छोटे, वर जाळी. पाणी आधी एका छोट्या कुंडीतून जाईल, म्हणजे साबणाचा फेस आणि अन्नाचे कण तिथेच थांबतील. ही कुंडी आठवड्याला साफ केली नाही तर शोषखड्डा वर्षभरात चोंदतो. आजींच्या सुनेने ते काम आपलं म्हणून सांगितलं.

१८ ऑक्टोबर

परतीच्या पावसाने सोयाबीन पाण्यात. गावाचं लक्ष पंचनाम्यांकडे आहे आणि ते असायलाच हवं. मी फक्त खणून ठेवलेले उघडे खड्डे बघून आले. त्यातल्या एका खड्ड्यात तळाशी दीड फूट पाणी साचलंय आणि दोन दिवस झाले तरी उतरत नाही. ही जागा ओढ्याच्या बाजूची, इथलं भूजल पावसाळ्यात वर येतं. या ठिकाणी चार फूट खाली जाता येणार नाही. खड्डा उथळ घ्यावा लागेल, निम्म्या रिंगा जमिनीच्या वर, भोवती मातीचा भराव आणि शौचालयाचं जोतं त्याच मापाने उंच. जोतं उंच करायचं म्हणजे खर्च वाढला. घरमालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात बघू. त्याला आग्रह केला नाही, पण तो खणलेला खड्डा आज बुजवून घेतला. घरात लहान पोरं आहेत.

१९ नोव्हेंबर

जागतिक शौचालय दिन. कार्यक्रम शाळेत, थोडक्यात. त्याआधी सकाळी पूर्ण झालेल्या खड्ड्यांची झाकणं फिरून बघितली. प्रत्येक झाकणावर तोंड बदलल्याची तारीख कोरलेली हवी, हा ठरावातच घातलेला मुद्दा. तीन झाकणांवर नव्हती, गवंड्याला सोबत घेऊन ओल्या सिमेंटच्या लेपावर घालून घेतली. ऑइलपेंटची तारीख दोन उन्हाळ्यांत उडते.

बंद टाक्यांची घरं अजून बाकी आहेत. त्यांची टाकी तोडायची नाही, गटारात जाणारा पाइप बंद करून पुढे शोषखड्डा जोडायचा. टाकीत आडवी भिंत नाही तिथे गाळ शोषखड्ड्यात जाऊन तो चोंदेल, म्हणून आधी टाकी गाडीने उपसून घ्यावी लागेल. ती गाडी मैला नेऊन कुठे टाकते याची लेखी नोंद मिळेपर्यंत ग्रामपंचायतीने कुणालाही गाडी सुचवायची नाही, असं सरपंच ताईंशी बोलून ठरवलं. जवळच्या नगरपालिकेकडे मैलागाळ प्रक्रियेची सोय आहे का, गावाला ती वापरू देतील का, हे विचारणारं पत्र आज भाऊसाहेबांकडून जावक क्रमांक घालून पाठवलं.

तात्यांचा खड्डा डिसेंबरात. रिंगा येऊन पडल्या आहेत.